चालती सायकल पडत का नाही?

उभी सायकल आधाराशिवाय सोडली तर लगेच आडवी होते. चालती सायकल मात्र उभी राहते. याचे कारण म्हणून चाकांच्या कोनीय संवेगाकडे बोट दाखवले जाते. फिरते चाक आपल्या अक्षाची दिशा सहजासहजी बदलू देत नाही, म्हणून सायकलही कलत नाही, असा हा तर्क आहे. परिणाम खरा आहे, पण तोल सांभाळण्याचे मुख्य काम त्याचे नाही. ते काम हँडल करते.

तळहातावर उभी काठी तोलताना काठी ज्या बाजूला कलते त्या बाजूला हात सरकवावा लागतो. सायकलचेही तसेच आहे. ती डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडे वळते, चाके डावीकडे सरकतात आणि कललेल्या वजनाच्या खाली येतात. स्वाराच्या दृष्टीने पाहिले, तर वळणामुळे निर्माण होणारे केंद्रोत्सारी बल त्याला उजवीकडे, म्हणजे पुन्हा सरळ, ढकलते. हे सतत, अगदी थोडे-थोडे चालू असते. ओल्या रस्त्यावरून नुकत्याच गेलेल्या सायकलच्या चाकांचे ठसे पाहिले, तर सरळ जाणाऱ्या स्वाराचा मागही नागमोडी दिसतो.

आकडे घेऊन हे तपासता येते. स्वार आणि सायकल मिळून वजन 80 किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून 1 मीटर उंच आणि वेग ताशी 15 किलोमीटर धरू. सायकल 5 अंश कलली तर गुरुत्वाकर्षण तिला सुमारे 68 न्यूटन-मीटर एवढ्या बलाघूर्णाने पाडू पाहते. ते तोलून धरायला सुमारे 20 मीटर त्रिज्येचे वळण पुरते. दोन चाकांतील अंतर 1 मीटर असेल, तर त्यासाठी पुढचे चाक जेमतेम 3 अंश वळावे लागते.

आता चाकांचा वाटा पाहू. प्रत्येक चाक दीड किलोचे आणि 33 सेंटिमीटर त्रिज्येचे धरले, तर याच वळणात दोन्ही चाकांच्या कोनीय संवेगामुळे मिळणारे बलाघूर्ण 1 न्यूटन-मीटरही भरत नाही. म्हणजे ते वळणातून मिळणाऱ्या आधाराच्या सुमारे एक ऐंशीांश आहे. वेग वाढवला तरी हे प्रमाण बदलत नाही, कारण वेगाबरोबर दोन्ही परिणाम सारखेच वाढतात. हँडल वळूच शकणार नाही असे घट्ट बांधले, तर चाके कितीही जोरात फिरली तरी सायकल पडते. पुढचे चाक ट्रामच्या रुळाच्या खाचेत अडकले की स्वार पडतो, तेही याच कारणाने.

ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांनी 1970 मध्ये हा मुद्दा प्रयोगाने दाखवला. त्यांनी पुढच्या चाकाशेजारी जमिनीला न टेकणारे दुसरे चाक बसवले आणि ते उलट दिशेने फिरवले. पुढच्या चाकाचा कोनीय संवेग अशा रीतीने खोडला गेला, तरी ती सायकल सहज चालवता आली. स्वाराविना ढकलली असता मात्र ती लवकर पडली.

या फरकातून चाकाच्या कोनीय संवेगाचे खरे काम कळते. सायकल कलते तेव्हा फिरते पुढचे चाक स्वतःच कललेल्या बाजूला वळू लागते. म्हणजे ते सायकलला थेट धरून ठेवत नाही. हँडल वळवायला हातभार लावते. दुसरी मदत सायकलच्या रचनेतून होते. फोर्कचा अक्ष तिरका असतो आणि चाक जमिनीला टेकते तो बिंदू त्या अक्षाच्या किंचित मागे असतो. उभी सायकल सीटला धरून बाजूला कलवली, की चाक फिरत नसतानाही हँडल त्याच बाजूला वळते.

या दोन्ही गोष्टी नसल्या तरी चालते, हे नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवले. त्यांच्या छोट्या सायकलच्या चाकांचा कोनीय संवेग उलट फिरणाऱ्या चाकांनी खोडला होता आणि टेकण्याचा बिंदू अक्षाच्या थोडा पुढे होता. तरीही ढकलून सोडल्यावर ती आपोआप उभी राहिली. तिच्या पुढच्या भागाचे वजन खाली आणि पुढे ठेवले होते, त्यामुळे तो भाग आधी कलू लागे आणि चाकाला पडण्याच्या दिशेने वळवी.

स्वाराविना उभे राहण्याला वेगाची मर्यादा असते. संशोधक नमुना म्हणून वापरतात त्या सायकलच्या गणितात ती ताशी सुमारे 15 ते 22 किलोमीटर इतकी येते. वेग त्याहून कमी असला तर हेलकावे वाढत जातात. जास्त असला तर सायकल हळूहळू एका बाजूला झुकत जाते. स्वार असेल तर उरलेली दुरुस्ती त्याचे हात करतात. म्हणून सायकल शिकणाऱ्याने पडण्याच्या बाजूलाच हँडल वळवावे.