जावक झाली, पण आवक झाली का?

ई-मेल पाठवायचा, मग 'सेंट' फोल्डर उघडून तो तिथे दिसतोय याची खात्री करायची आणि निर्धास्त व्हायचे, ही आता बहुतेकांची सवय झाली आहे. पुढे वाद निघाला की याच फोल्डरचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून दाखवला जातो: "हे बघा, मी वेळेतच पाठवलं होतं." समोरच्याला पत्र मिळाले, हे त्या स्क्रीनशॉटमधून सिद्ध होत नाही. कचेरीच्या जावक नोंदवहीत क्रमांक पडला म्हणजे कागद आपल्याकडून निघाला, इतकेच कळते. तो समोरच्या कार्यालयात आवक म्हणून चढला की नाही, हे आपल्या वहीत कधीच दिसणार नाही. 'सेंट' फोल्डर ही आपली जावक नोंदवही आहे, आणि तिच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवली पाहिजे.

असे का, हे समजण्यासाठी 'सेंड' दाबल्यावर काय होते ते पाहू. पत्र आधी आपल्या ई-मेल सेवेच्या सर्व्हरकडे जाते. त्याने ते स्वीकारले की त्याची एक प्रत 'सेंट'मध्ये ठेवली जाते. आउटलुक किंवा थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये तर पत्र पाठवणे आणि प्रत ठेवणे ही दोन वेगळी कामे असू शकतात. त्यामुळे पत्र गेले पण प्रत साठली नाही, असेही कधी कधी घडते. पत्राचा पुढचा प्रवास यानंतर सुरू होतो. आपला सर्व्हर समोरच्याच्या सर्व्हरला गाठतो, तो पत्र घ्यायला तयार आहे का ते विचारतो आणि पत्र सोपवतो. या देवाणघेवाणीत काय झाले ते 'सेंट'मधल्या प्रतीवर लिहिले जात नाही. वाटेतला प्रत्येक सर्व्हर पत्राच्या माथ्यावर वेळेसह आपली नोंद चढवतो हे खरे, पण ती नोंद पुढे जाणाऱ्या प्रतीवर चढते. म्हणून पत्र पोचल्याची वेळ समोरच्याच्या प्रतीत सापडते, आपल्या प्रतीत नाही.

एक उदाहरण तपशिलात घेऊ. समजा, नाशिकच्या एका छोट्या कारखानदाराला चाकणच्या कंपनीकडे संध्याकाळी पाचच्या आत दरपत्रक द्यायचे आहे. स्कॅन केलेल्या नकाशांची १८ एमबीची पीडीएफ जोडून त्याने जीमेलवरून चार वाजून चाळीस मिनिटांनी पत्र पाठवले. जीमेल २५ एमबीपर्यंतची जोडणी घेते, त्यामुळे अडचण आली नाही. 'सेंट'मध्ये पत्र दिसले, जोडलेली फाइलही उघडली. पण ई-मेलमधून फाइल जाताना तिचे साध्या अक्षरांत रूपांतर होते आणि त्यात तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. १८ एमबीची फाइल वाटेत २४ एमबीच्या पुढे गेली. चाकणच्या कंपनीच्या सर्व्हरवर २० एमबीची मर्यादा होती. त्याने पत्र नाकारले आणि उत्तर दिले:

```
552 5.3.4 Message size exceeds fixed limit
```

हे उत्तर कारखानदाराला कुठे दिसेल? 'सेंट'मध्ये नाही, इनबॉक्समध्ये. Mail Delivery Subsystem किंवा mailer-daemon अशा नावाने इंग्रजीतले एक रुक्ष पत्र येते. ते काही तरी जाहिरात असेल असे समजून अनेक जण न उघडताच पुसून टाकतात, आणि कधी ते स्पॅममध्येही पडते. पत्र गेले की नाही हे पाहायचे असेल तर 'सेंट'पेक्षा इनबॉक्स आणि स्पॅम आधी उघडा, असे मी आग्रहाने सांगेन. त्या पत्रातला तीन आकडी क्रमांक वाचायला अवघड नाही. पाचने सुरू होणारा क्रमांक म्हणजे कायमचा नकार. 550 बरोबर 5.1.1 असेल तर असा पत्ताच नाही, आणि 5.2.2 असेल तर समोरची पेटी भरलेली आहे. चारने सुरू होणारा क्रमांक म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या'.

हा चारचा प्रकार जास्त फसवा आहे. समोरचा सर्व्हर बंद असेल तर आपला सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. इंटरनेटवरच्या टपालाचे मानक सांगते की हार मानण्यापूर्वी साधारण चार-पाच दिवस तरी प्रयत्न करावा. काही सेवा याहून लवकर थांबतात. म्हणजे आपल्या कारखानदाराचे पत्र सोमवारी रांगेत अडकले, तर ते पोचले नाही असे पक्के उत्तर त्याला शुक्रवारीही मिळू शकते. तासाभरात परतीचे पत्र आले नाही म्हणजे पोचलेच, हा समज इथे कोसळतो.

परतीचे पत्र अजिबात न येणारे प्रसंगही आहेत. समोरच्या सर्व्हरने पत्र स्वीकारले, 250 असे होकाराचे उत्तर दिले आणि नंतर ते स्पॅममध्ये टाकले, तर आपल्याला काहीही कळवले जात नाही. पत्त्यात एखादे अक्षर चुकले आणि त्या चुकीच्या नावाचीही कुणाची तरी खरी पेटी निघाली, तर पत्र सुखरूप पोचते, फक्त भलत्याच माणसाकडे. 'सेंट'मधली प्रत उघडून पत्ता एकेक अक्षर तपासणे हा त्या फोल्डरचा खरा उपयोग आहे. कोणत्या पत्त्यावर, कोणता मजकूर, कोणती फाइल आणि कधी पाठवली, हे तो नीट सांगतो. पत्र कार्यालयाच्या खात्यावरून गेले असेल तर आणखी एक मार्ग आहे. खाते सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला सर्व्हरची नोंद पाहता येते, आणि समोरच्या सर्व्हरने 250 म्हणून पत्र किती वाजता घेतले ते तिथे सापडते. स्क्रीनशॉटपेक्षा ही नोंद कितीतरी भक्कम असते.

मग 'वाचल्याची पोच' मागितली तर? ई-मेलमध्ये ही सोय जुनी आहे. तिचे मानक १९९८ साली ठरले आणि २०१७ साली शेवटचे सुधारले गेले. पोच म्हणून परत येणाऱ्या पत्रात अशी एक ओळ असते:

```
Disposition: manual-action/MDN-sent-manually; displayed
```

यातला displayed हा शब्द महत्त्वाचा. त्याचा अर्थ पत्र पडद्यावर दाखवले गेले, एवढाच. ज्यांनी हे मानक लिहिले त्यांनीच त्यात स्पष्ट नोंदवले आहे की मजकूर वाचला किंवा समजला याची हमी यात नाही. पत्र दाखवले गेले ते 'त्या पेटीतले टपाल वाचणाऱ्या कुणाला तरी', अशी तिथली व्याख्या आहे. साहेबांची पेटी त्यांचे स्वीय सहायक उघडत असतील तर पोच त्यांच्या क्लिकने येते. आउटलुकमध्ये पूर्वदृश्याच्या खिडकीत पत्र नुसते येऊन गेले तरी ते वाचलेल्यांत धरले जाऊ शकते. उलट, तिथेच सगळे वाचून ते न वाचलेल्या अवस्थेत पुसले तर Not read अशी पोच जाऊ शकते.

पोच आली नाही म्हणजे वाचले नाही, हेही म्हणता येत नाही. पोच पाठवायची की नाही हे अनेक प्रोग्रॅम वाचणाऱ्याला विचारतात आणि तो सरळ 'नाही' म्हणू शकतो. जीमेलच्या खासगी खात्यातून अशी पोच मागताच येत नाही, ती सोय कार्यालयांच्या आणि शाळांच्या खात्यांपुरती आहे. व्यापारी कंपन्या पत्रात अदृश्य चित्र दडवून ते उघडले गेले का हे मोजतात, पण २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची एक सोय आहे. ती सुरू असली की पत्र उघडण्याआधीच अशी चित्रे अ‍ॅपलच्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत उतरवून घेतली जातात. मग न उघडलेले पत्रही उघडल्यासारखे मोजले जाते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या टिका थोड्या जास्त बोलक्या आहेत. एक करडी टिक म्हणजे संदेश आपल्याकडून गेला, दोन करड्या म्हणजे समोरच्याच्या फोनवर उतरला, दोन निळ्या म्हणजे संवाद उघडला गेला. निळी टिक नोव्हेंबर २०१४ मध्ये आली आणि लगेच ती बंद करण्याची सोयही द्यावी लागली. ती बंद ठेवणारा माणूस सगळे वाचूनही करडाच दिसतो. लॉक पडद्यावरच्या सूचनेत मजकूर वाचला तरी टिक निळी होत नाही. फोन कुणाच्या हातात होता, हे तर कोणतीच टिक सांगत नाही.

न्यायालयांनी याकडे कसे पाहिले, हे आपल्यासाठी उपयोगाचे आहे. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ म्हणून पाठवलेली नोटीस बजावली गेली असे मानले. संदेश आणि जोडलेली फाइल पोचली आणि उघडली गेली, हे टिकांवरून स्पष्ट दिसत होते, हे त्यामागचे कारण होते. मात्र जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले की चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून देणे हा कायद्यात सांगितलेल्या पद्धतीला पर्याय नाही. दिवाणी वसुलीत चाललेली टिक जिथे माणसाच्या अटकेचा प्रश्न येऊ शकतो तिथे चालली नाही, आणि मला हा फरक योग्य वाटतो.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० 'वाचले का' हा प्रश्न सहसा विचारतच नाही. त्याच्या कलम १३ नुसार, पक्षांमध्ये वेगळे काही ठरले नसेल तर, पत्र आपल्या ताब्याबाहेरच्या संगणकयंत्रणेत शिरले की ते पाठवले गेले. समोरच्याने ठरवून दिलेल्या पत्त्याच्या यंत्रणेत शिरले की ते मिळाले. त्याने एक पत्ता दिला असताना आपण त्याच्या दुसऱ्याच पत्त्यावर पाठवले, तर तो ते प्रत्यक्ष काढून घेईल तेव्हा मिळाले. म्हणून करारात, अर्जात किंवा निविदेत कोणता ई-मेल पत्ता दिला आहे तो पाहून त्याच पत्त्यावर पाठवणे, हे पोच मागण्यापेक्षा महत्त्वाचे ठरते.

याच कायद्याचे कलम १२ एक सोपी वाट दाखवते. पोच कशी द्यावी हे आधी ठरले नसेल तर समोरच्याचे कोणतेही उत्तर, अगदी आपोआप गेलेलेसुद्धा, किंवा पत्र मिळाल्याचे दाखवणारी त्याची कृती पोच म्हणून चालते. नाशिकच्या कारखानदाराने फाइल आकाराने लहान करून, मुदतीच्या तासभर आधी पाठवून, शेवटी एक ओळ लिहायला हवी होती: "नकाशांची तिन्ही पाने नीट उघडली का, ते कृपया पाच वाजण्यापूर्वी कळवावे." उत्तर आले नाही तर साडेचारला फोन करायचा आणि त्यानंतर "आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे" असा दोन ओळींचा ई-मेल टाकायचा. तुमचेही पत्र मुदतीचे असेल तर हेच करा. समोरच्याच्या हातचे "मिळाले, पाहतो" हे दोन शब्द तुमच्या इनबॉक्समध्ये आले की ते पुसू नका आणि मूळ पत्रही पुसू नका. न्यायालयात स्क्रीनशॉटपेक्षा मूळ ई-मेल आणि त्यासोबत कायद्याने मागितलेले प्रमाणपत्र उपयोगी पडते.