तांब्याची तार तापली की रोध का वाढतो?

तांब्याच्या अणूतला सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल बांधलेला असतो. असे असंख्य अणू एकत्र येऊन धातू बनला, की तो इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचा राहत नाही, साऱ्या तुकड्यात हिंडू लागतो. मागे उरलेले धनभारित आयन मात्र आपापल्या जागी रांगेने बसलेले असतात. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला आणि त्यानंतर तीनच वर्षांनी पाउल ड्रुडे या जर्मन शास्त्रज्ञाने हे मोकळे इलेक्ट्रॉन म्हणजे धातूत भरलेला एक वायूच आहे असे मानून विद्युतवहनाचा हिशेब मांडला.

हा हिशेब सोपा आहे. तारेला बॅटरी जोडली की प्रत्येक इलेक्ट्रॉनाचा वेग एका दिशेने थोडा थोडा वाढू लागतो. मग कुठेतरी टक्कर होते, दिशा बदलते आणि कमावलेला वेग वाया जातो. दोन टकरींमध्ये सरासरी जेवढा वेळ मिळतो, त्याला शिथिलन काळ म्हणतात. बॅटरी काढल्यावर इलेक्ट्रॉनांचे एका दिशेने सरकणे साधारण तेवढ्याच वेळात विरून जाते, म्हणून हे नाव. हा काळ τ, इलेक्ट्रॉनाचे वस्तुमान m, त्याचा भार e आणि एकक आकारमानातली मोकळ्या इलेक्ट्रॉनांची संख्या n धरली, तर रोधकता अशी येते:

ρ = m / (n e² τ)

धातूत n तापमानाबरोबर जवळजवळ बदलत नाही. म्हणजे तार तापल्यावर जे काही घडते, ते τ मध्येच शोधावे लागते.

तांब्याच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ८.५ × १०²⁸ मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि २० अंश सेल्सिअसला त्याची रोधकता १.६८ × १०⁻⁸ ओहम-मीटर असते. त्यावरून τ निघतो २.५ × १०⁻¹⁴ सेकंद. एका सेकंदाचे कोटी भाग करून त्यातल्या एका भागाचे पुन्हा कोटी भाग केले, तर त्यातले अडीच. एवढ्या अवधीत इलेक्ट्रॉन किती दूर जातो, या प्रश्नाने ड्रुडेचे चित्र बदलले. आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी १९२७च्या सुमारास पुंज सिद्धांत लावून दाखवले, की वहनात भाग घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा वेग सेकंदाला सुमारे १६ लाख मीटर असतो आणि तापमानाने तो फारसा बदलत नाही. म्हणजे दोन टकरींमधले अंतर सुमारे ४० नॅनोमीटर झाले. तेवढ्या अंतरात शेजारशेजारचे दीडशे आयन बसतात. इतक्या दाटीतून इलेक्ट्रॉन न अडखळता जातो कसा?

याचे उत्तर फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ मध्ये दिले. इलेक्ट्रॉन लहरीसारखा वागतो आणि अगदी नियमित मांडलेल्या रांगा लहरीला अडवत नाहीत. अडथळा होतो तो फक्त मांडणीतल्या बिघाडाचा. उष्णता नेमका हा बिघाड करते. साध्या तापमानालाही तांब्याचे आयन आपल्या जागेभोवती, शेजाऱ्यापर्यंतच्या अंतराच्या तीनेक टक्के, हलत असतात.

रोधकता सरळ रेषेत वाढण्याचे कारण इथे आहे. आयनाच्या कंपनाची ऊर्जा तापमानाच्या प्रमाणात वाढते आणि ही ऊर्जा विस्थापनाच्या वर्गावर अवलंबून असते. हलणारा आयन इलेक्ट्रॉनाला जेवढे क्षेत्रफळ आडवे धरतो, तेही विस्थापनाच्या वर्गाच्याच प्रमाणात असते. म्हणून निरपेक्ष तापमान दुप्पट झाले की टकरी दुप्पट होतात, τ निम्मा होतो आणि रोधकता दुप्पट होते. जुन्या वायुचित्रात ती तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढायला हवी होती. मोजमापे तसे सांगत नव्हती.

तरी ही रेषा ‘जवळजवळ’च सरळ आहे. साध्या तापमानाजवळची तांब्याची रेषा खाली वाढवत नेली, तर ती निरपेक्ष शून्याला, म्हणजे −२७३ अंशांना नव्हे, −२३४.५ अंशांना शून्यावर येते. मोटारीच्या चाचणीत हाच आकडा वापरतात. वाइंडिंगचा रोध २५ अंशांना २.०० ओहम होता आणि मोटार बराच वेळ चालवून बंद केल्याबरोबर २.६० ओहम भरला असे समजू. २३४.५ मध्ये २५ मिळवून २५९.५ येतात, त्यांना १.३ ने गुणले की सुमारे ३३७.४. त्यातून २३४.५ वजा केल्यावर उरतात १०३ अंश. थर्मामीटर आत न घालता गुंडाळीचे सरासरी तापमान कळते. मात्र सर्वांत तापलेली जागा याहून गरम असू शकते, आणि मोजायला उशीर झाला तर तार निवते व आकडा कमी येतो.

प्रत्यक्षात रोधकता −२३४.५ अंशांना शून्य होत नाही. खूप थंडीत ऊर्जेचे ठरावीक पुंज न मिळाल्याने जलद कंपने थिजतात. उरलेली संथ कंपने इलेक्ट्रॉनाला फक्त किंचित वळवतात. त्यामुळे सुमारे १०० केल्व्हिनच्या खाली रेषा वाकते आणि आणखी खाली कंपनांमुळे येणारी रोधकता तापमानाच्या पाचव्या घाताने घटते. द्रवरूप नायट्रोजनच्या ७७ केल्व्हिनला नुसत्या प्रमाणाने तांब्याची रोधकता चौथ्या हिश्शाएवढी यायला हवी. ती आठव्या हिश्शाजवळ येते. शेवटी जी उरते ती परक्या अणूंची आणि स्फटिकातल्या दोषांची, आणि ती तापमानाने हलत नाही. मिश्रधातूत हाच वाटा कंपनांच्या वाट्याहून कितीतरी मोठा असतो, म्हणून शेगडीच्या नायक्रोम तारेचा रोध लालबुंद तापूनही थोडाच वाढतो.