गाळा २५३ फुटांचा, भाडं ३२० फुटांचं

दुकानगाळ्याच्या करारनाम्यात क्षेत्रफळाचा आकडा बहुधा एका ओळीत उरकलेला असतो आणि घेणारा तो वाचून पुढे जातो. पुढे कधीतरी रॅक बसवायला सुतार येतो, टेप लावतो आणि म्हणतो, ‘शेठ, एवढी जागा नाही इथे.’ मग मालकाला पत्र लिहायची वेळ येते. ते रागाच्या भरात लिहिलं तर वाया जातं.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका सोसायटीत तळमजल्यावर स्टेशनरीचं दुकान आहे. करारात लिहिलंय: कारपेट ३२० चौरस फूट, दर चौरस फुटाला ९० रुपये, दरमहा २८,८०० रुपये. दुकानदाराने शटरच्या आतून मोजलं, तर रुंदी पुढे ११ फूट ४ इंच, मागे ११ फूट २ इंच आणि खोली २२ फूट ६ इंच भरली. सरासरी रुंदी सव्वाअकरा फूट. सव्वाअकरा गुणिले साडेबावीस म्हणजे २५३ चौरस फूट.

इथे एक चूक हमखास होते. ११ फूट ४ इंच म्हणजे ११.४ फूट नव्हे. फुटाचे इंच बारा, म्हणून चार इंच म्हणजे ०.३३ फूट. पत्रात ११.४ लिहिलं की मालकाचा सीए पहिल्याच ओळीला दुकानदाराला खोटं पाडतो. मोजताना टेप भिंतीपासून भिंतीपर्यंत लावायचा, रॅकपासून रॅकपर्यंत नाही. कोपऱ्यातला खांब वजा करायचा मोहही आवरावा. तो जेमतेम एक चौरस फुटाचा, म्हणजे महिन्याला शंभरेक रुपयांचा, पण त्यावरून वाद मात्र महिनाभर चालतो.

मग उरलेले ६७ फूट आले कुठून? पत्राचा जीव या प्रश्नात आहे. दुकानदाराने मागचा पोटमाळा मोजला: सव्वाअकरा बाय चार, म्हणजे ४५. पायरीपुढचा ओटा सव्वाअकरा बाय दोन, म्हणजे साडेबावीस. तिन्हींची बेरीज ३२० च्या आसपास गेली. मालकाने आकडा हवेतून काढला नव्हता. पोटमाळा आणि ओटा धरून त्याला ‘कारपेट’ म्हटलं होतं. रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कारपेट म्हणजे आतली वापरायची जागा. आतल्या पार्टिशनच्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. तो कायदा घरं-गाळे विकणाऱ्या बिल्डरसाठी आहे, भाड्याच्या तंट्यासाठी नाही; पण करारात ‘कारपेट’ लिहून त्याचा अर्थ दिला नसेल, तर ही व्याख्या आधाराला घेता येते.

पत्र असं लिहिता येईल:

‘मा. महोदय, आपल्या गाळ्याचा नोंदणीकृत करार कारपेट क्षेत्रावर चौरस फुटाला ९० रुपये या दराने झाला आहे. आतली मोजणी २५३ चौरस फूट भरते. नकाशा सोबत जोडला आहे. पोटमाळा व ओटा धरल्यास करारातील ३२० चा आकडा जुळतो. आपल्या सोयीच्या दिवशी आपला व माझा माणूस मिळून पुन्हा मोजणी करावी, ही विनंती. तोवर भाडे नियमित बँकेत भरत आहे. मात्र जादा रकमेबाबतचा माझा हक्क राखून ठेवत आहे.’

शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. चिडून स्वतःच भाडं कापलं, की थकबाकीदार ठरवून गाळा खाली करायची नोटीस येते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

हे पत्र कितपत टिकेल, हे करारातल्या शब्दांवर आहे. दर आणि क्षेत्रफळ दोन्ही लिहिलेले असतील तर हिशेब मागायला जागा आहे. नुसतं ‘दरमहा २८,८०० रुपये, जागा पाहून पसंत केली’ असं असेल, तर भाडं ठोक ठरलं आणि मोजणीचा उपयोग फार तर नूतनीकरणाच्या वेळी घासाघीस करायला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. मालकाला हे सहसा पत्र आल्यावरच कळतं.

२५३ फुटांचे ९० प्रमाणे २२,७७० रुपये होतात. फरक महिन्याला ६,०३० रुपयांचा. शिवाय दरवर्षी पाच टक्के वाढीची अट असेल, तर वाढ चुकीच्या आकड्यावर चढत जाते. तरी मालक एवढं एकदम सोडणार नाही. पोटमाळ्यात वह्यांचे गठ्ठे ठेवले जातात, त्यामुळे त्याचे अर्ध्या दराने २,०२५ रुपये देणं रास्त आहे. ओट्याचं तसं नाही. तो सोसायटीच्या मोकळ्या जागेत असेल तर मालकाला त्याचं भाडं मागता येत नाही, आणि महापालिकेची अतिक्रमणाची गाडी आली तर माल दुकानदाराचाच उचलला जाईल. म्हणजे २४,७९५ वर तोडगा निघू शकतो. तो निघाला की तोंडी न ठेवता पुरवणी करार करून नोंदवावा, आणि त्यात गाळा व पोटमाळा यांची मापं फूट-इंचांत वेगवेगळी लिहावीत.