उटण्यातलं लिंबू

आनेकलला आमच्या वरच्या मजल्यावर लग्नघर होतं. कोल्हापूरहून आलेल्या काकू वाटीत नवरीसाठी उटणं कालवत होत्या: दोन चमचे बेसन, चिमूटभर हळद, लागेल तसं दही. एवढ्यात कुणीतरी अर्धं लिंबू पुढे केलं. नवरीच्या बहिणीने ते काढूनच घेतलं. तिचं कारण तिच्या हनुवटीवर अजून पुसट दिसत होतं.

गेल्या उन्हाळ्यात तिने गालांना लिंबाचा रस चोळला, वरवर धुतला आणि स्कूटरवरून इलेक्ट्रॉनिक सिटीला कामावर गेली. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आग सुरू झाली, मग लाली आणि बारीक फोड. फोड गेले, पण रस जिथून ओघळला होता तिथे तपकिरी रेघ उरली. ओघळाच्या आकाराचा डाग ही या त्रासाची खूणच. लिंबातली काही द्रव्यं, विशेषतः सालीतली, उन्हातल्या अतिनील किरणांनी चेतवली जातात आणि त्वचा भाजते. आपलं कागदी लिंबू यात विशेष बदनाम आहे. आनेकल सुमारे ९०० मीटर उंचीवर. हवा गार, म्हणून ऊन लागत नाही असं वाटतं, पण ते किरण असतातच. शिवाय रस भलताच आंबट. त्वचेचा सामू पाचच्या आसपास, लिंबाचा दोन-अडीच. म्हणजे ऊन नसलं तरी चुरचुर आहेच.

बेसनाबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार आहे ती वाळवण्याच्या हौसेबद्दल. लेप कडक होऊन तडकला की तो खरवडताना त्वचाही सोलवटते. काकूंनी बेसन आधी वस्त्रगाळ केलं, दहा मिनिटांत, लेप ओलसर असतानाच पाणी लावून अलगद उतरवलं. पिकलेल्या पुटकुळ्या असतील किंवा डॉक्टरांनी मुरमांचं मलम दिलं असेल, तर मात्र हेही नको.

हळद चिमूटभरच, तीही घरी दळलेली असेल तर बरी. सुट्या हळदीत रंग मिसळलेला असू शकतो. पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून न ढवळता ठेवा: चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद होतं. शुद्ध हळदही एखाद्याला खाज आणते. म्हणून काकूंनी दोन दिवस आधीच नवरीच्या कोपराच्या आतल्या बाजूला लेप लावून पाहिला होता.

आणि लिंबाने डाग पडलाच, तर तो घालवायला पुन्हा लिंबू चोळू नका. ऊन टाळा, सनस्क्रीन लावा, फोड आले असतील तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. डाग आपोआप फिकटतो, पण त्याला कित्येक महिने लागतात.