वाट अडलेलं रक्त

पन्नाशीतल्या एका रिक्षावाल्याची पँट कमरेला बसेना. ढेरी सुटली, असं त्याला वाटलं; पण हातपाय तर काटकुळे होत चालले होते. पोटात पाणी साठलं होतं.

वर्षानुवर्षांच्या दारूने त्याच्या यकृतात जखमांचे व्रण धरले होते. (दारू न पिणाऱ्यालाही हिपॅटायटिस बी-सी किंवा यकृतातल्या चरबीमुळे हे होतं.) मऊ यकृत निबर, गाठाळ झालं, की आतड्यांकडून पोर्टल शिरेने येणारं रक्त अडतं आणि शिरेतला दाब चढतो. त्यातच मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात, ते पोटात झिरपतं. म्हणून त्याचं मीठ तोडलं, लघवीची गोळी दिली.

खरा धोका वेगळाच होता. अडलेलं रक्त आडवाट धरतं. अन्ननलिकेच्या नाजूक शिरा त्याने फुगतात. त्या दुखत नाहीत, म्हणून कळतही नाही. एके सकाळी त्याला डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली. बाहेरचं खाणं बाधलं असेल, म्हणत त्याने दुर्लक्ष केलं. संध्याकाळी रक्ताची उलटी झाली, तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी दुर्बिणीतून फुगलेल्या शिरांना रबरी कड्या घातल्या. रक्त थांबलं. व्रण तसेच होते. दुर्बीण पुन्हा काही आठवड्यांनी ठरली.