अडकलेल्या पाच टक्क्यांचा हिशेब

समजा, शाळेच्या इमारतीची एक कोटीची निविदा आहे. दर ठरीव, म्हणजे सिमेंट-सळई महागली तरी वाढीव पैसे नाहीत. ठेकेदाराचा खर्च 92 लाख, नफा 8 लाख दिसतो. पण पैसा हातात केव्हा पडतो?

जोते, स्लॅब, प्लास्टर आणि काम पूर्ण अशा चार टप्प्यांवर, म्हणजे तिसऱ्या, पाचव्या, आठव्या आणि दहाव्या महिन्यात, 25-25 लाखांची बिले होतात. प्रत्येकातून पाच टक्के, म्हणजे सव्वा लाख, अनामत म्हणून कापले जातात. ते दोषदायित्वाचे वर्ष संपल्यावर, बाविसाव्या महिन्यात परत मिळायचे. पहिला सव्वा लाख 19 महिने अडकतो, शेवटचा 12. महिना एक टक्का व्याजाने चारही हप्त्यांचे व्याज 77,500 रुपये होते. बिले दोन-दोन महिने उशिरा निघाली, तर आणखी 1 लाख 90 हजार. म्हणजे नफ्याचा तिसरा हिस्सा इथेच गेला.

खरी गोची पुढे असते. वर्ष संपते, पण गच्चीची गळती कोणामुळे यावर वाद होतो, पाहणीचा दाखला अडतो. आणखी वर्षभर पाच लाख अडकले की 60 हजार गेले.

म्हणून दर भरण्याआधी अटींमध्ये दोन गोष्टी शोधा: अनामत परत करण्याची नेमकी मुदत आणि रोख कपातीऐवजी बँक हमी चालते का. उत्तर अस्पष्ट असेल, तर निविदापूर्व बैठकीत लेखी खुलासा मागा आणि हे व्याज दरात धरूनच आकडा भरा.