तीनशे शिपमेंट म्हणजे नक्की किती?

भोसरीतल्या एका कारखान्यात एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघणारा मुलगा आपला रेझ्युमे घेऊन माझ्याकडे आला. पाच वर्षं नोकरी झालेली, हुशार, कामाला वाघ. पण तीन ठिकाणी अर्ज करून एकाही ठिकाणाहून फोन आला नव्हता. रेझ्युमे दोन पानांचा होता आणि पहिल्याच ओळीत लिहिलं होतं : दरमहा 300 शिपमेंटचं डॉक्युमेंटेशन, शंभर टक्के एररफ्री फायलिंग.

मी विचारलं, "तीनशे काय? शिपिंग बिलं, कंटेनर की इन्व्हॉइस?"

"सर, इन्व्हॉइस."

त्याच्या कंपनीत एका शिपिंग बिलात पाच-सहा इन्व्हॉइस जात. म्हणजे महिन्याला बिलं निघत जेमतेम 53. आकडा वाईट नव्हता, पण 300 वाचून मुलाखत घेणारा ज्या चित्रात रमेल ते खरं नव्हतं. या धंद्यात मोजमापाची एककं अनेक आहेत आणि प्रत्येक आकडा वेगळं काम सांगतो. चाळीस फुटी एका कंटेनरचे दोन टीईयू धरतात, त्यामुळे टीईयूत लिहिलं की आकडा दुप्पट होतो, कागद मात्र वाढत नाहीत. उलट एकाच एलसीएल पेटीसाठी, म्हणजे दुसऱ्यांच्या मालासोबत जाणाऱ्या छोट्या मालासाठी, पूर्ण कंटेनरइतकेच कागद करावे लागतात. म्हणून आम्ही ठरवलं, की एका वर्षाची शिपिंग बिलं लिहायची आणि त्यात समुद्रमार्गे पूर्ण कंटेनर किती, एलसीएल किती, विमानाने किती, हे फोडून सांगायचं. रजिस्टर उघडलं तेव्हा 2023-24 मध्ये 640 बिलं निघाली.

दुसरी ओळ होती, 'कस्टम्स फायलिंग केलं'. इथे मी जरा चिडलोच. कारखान्यातला माणूस सहसा शिपिंग बिल स्वतः भरत नाही. ते आइसगेटवर भरतो कस्टम ब्रोकर, ज्याला आपण अजूनही सीएचए म्हणतो. आपला माणूस इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, एचएस कोड, एलयूटी की आयजीएसटी भरून निर्यात, अशी माहिती ब्रोकरला देतो. ब्रोकर ती सिस्टीममध्ये भरून चेकलिस्ट पाठवतो. ही चेकलिस्ट तपासून 'ओके' म्हणणं हे डॉक्युमेंटेशनवाल्याचं खरं काम. एकदा ओके गेलं की चूक त्याची. तेव्हा 'फाइल केलं' असं लिहिण्यापेक्षा 'ब्रोकरच्या चेकलिस्टची तपासणी आणि मंजुरी' लिहिणं प्रामाणिकही आहे आणि जाणकाराला जास्त सांगणारंही. ब्रोकरकडे नोकरी करून कस्टम्सचं जी कार्ड मिळवलेल्याची गोष्ट वेगळी. त्याने ते कार्ड पहिल्या चार ओळींतच टाकावं.

आता त्या शंभर टक्क्यांकडे येतो. असा दावा वाचला की मी मुलाखतीत एकच प्रश्न विचारतो : शेवटची चूक कोणती झाली? उत्तर 'एकही नाही' असेल, तर माणसाने एकतर फार कमी काम केलंय किंवा चुका दुसऱ्या कुणीतरी निस्तरल्या आहेत. चूक कुठल्या टप्प्यावर सापडली, यावर तिची किंमत ठरते. चेकलिस्टवर सापडली तर एक फोन पुरतो. बिल भरल्यावर सापडली तर दुरुस्तीचा अर्ज. लेट एक्स्पोर्ट ऑर्डर निघाल्यावर सापडली तर कस्टम्स कायद्याच्या कलम 149 खाली कागदपत्रांसह विनंती करावी लागते आणि अधिकाऱ्याला ती पटावीही लागते. जहाज गेल्यावर तर चूक थेट पैशांत दिसते.

या मुलाच्या रजिस्टरात अशा दोन चुका होत्या. कारखान्यात अकाउंट्स खातं जीएसटीचा इन्व्हॉइस काढत असे आणि एक्स्पोर्ट खातं त्यावरून परदेशी ग्राहकासाठी वेगळा कमर्शियल इन्व्हॉइस. शिपिंग बिलात गेला `EXP/23-24/0147` आणि अकाउंट्सने जीएसटीआर-1 मध्ये भरला `EXP/2324/147`. माणसाला दोन्ही एकच वाटतात, संगणकाला नाही. भरलेल्या आयजीएसटीचा परतावा देताना कस्टम्सची सिस्टीम हे दोन्ही जुळवून बघते. जुळले नाहीत की `SB005` असा कोड दाखवते आणि परतावा थांबतो. माल 40 लाखांचा, त्यावर 18 टक्के, म्हणजे 7 लाख 20 हजार रुपये अडकले. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा देशभरातल्या निर्यातदारांनी हाच कोड बघत महिने काढले होते. पुढे दोन्ही इन्व्हॉइसचा मेळ दाखवणारा तक्ता देऊन अधिकाऱ्यामार्फत तो सुटू लागला, पण हेलपाटे चुकत नाहीत.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"दोन्ही खात्यांना एकच नंबर वापरायला लावला, सर. जीएसटीचा इन्व्हॉइस निघाल्याशिवाय माझा कमर्शियल इन्व्हॉइस छापतच नाही आता. नंतर एकदाही नाही आला तो कोड."

हे त्याने रेझ्युमेत लिहिलंच नव्हतं! लाज वाटली म्हणे.

वर्षभरात भरल्यानंतर दुरुस्त कराव्या लागलेल्या बिलांची संख्या निघाली 9. त्यांतल्या चारांत ग्राहकाने ऐनवेळी माल घेणाऱ्याचं नाव बदललं होतं. उरलेली पाच आपली : तीन वजनाची आणि दोन या नंबरांची. वजनात लाकडी पॅलेटचं वजन धरायचं राहून गेलं होतं. तेव्हा ओळ अशी झाली : 640 शिपिंग बिलांपैकी 9 मध्ये दुरुस्ती, त्यांतली आमच्या चुकीने 5, इन्व्हॉइस नंबर एकच केल्यानंतर `SB005` शून्य.

बंदराचा भाग लिहिताना त्याने 'न्हावाशेवा येथे समन्वय' एवढंच खरडलं होतं. समन्वय म्हणजे काय? जहाजाच्या प्रत्येक फेरीला तीन घड्याळं लागलेली असतात : कंटेनर गेटमधून आत जाण्याची वेळ, बिल ऑफ लेडिंगचा मजकूर शिपिंग लाइनला देण्याची वेळ आणि व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन कळवण्याची वेळ. हे वजन 1 जुलै 2016 पासून जगभर सक्तीचं झालं. नवखा माणूस इथे मालाचंच वजन कळवून टाकतो आणि रिकाम्या कंटेनरचं, जे वीस फुटीचंही दोन टनांच्या वर असतं, विसरतो. शिवाय न्हावाशेव्यात टर्मिनलं अनेक आहेत. फॉर्म 13 एका टर्मिनलचा आणि जहाज लागणार दुसऱ्यावर, असं झालं की ट्रेलर उरणच्या रस्त्यावर उभा. यांतलं एक घड्याळ चुकलं तरी कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जातो. त्याच्या वर्षात असे चार राहिले होते, त्यांतले दोन कागदांमुळे. दोन्ही आकडे लिहायला लावले.

ग्राहकांची नावं आणि मालाच्या किमती मात्र मी सगळ्या खोडल्या. जुन्या मालकाची माहिती रेझ्युमेत उधळणारा माणूस नव्या मालकाचीही उधळेल, असं माझ्यासारखा वाचणारा मनात म्हणतोच. एमएस ऑफिस आणि 'मेहनती स्वभाव' हेही गेलं. पान एकच उरलं.

पंधरा दिवसांनी त्याला चाकणहून बोलावणं आलं. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, बँकेचे कागद, बरंच काही तो पाठ करून गेला होता. समोरच्या बाईंनी रेझ्युमेवर पेन्सिलीने एक गोल केला आणि विचारलं, "ही नंबरांची दोन बिलं. परतावा यायला किती दिवस लागले?"

त्याला तारखेसकट आठवत होतं.